बचतगटाच्या लोणच्याचा भाव कसा लावायचा? (कैरीचं, पाव किलोची बाटली)

रानजाई
नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात, डोंगराकडेचं. गावातल्या महिला बचतगटाची मी सचिव, त्यामुळे वह्या माझ्याकडे असतात. गटातल्या तिघीजणी मिळून उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालतात. एका खेपेला दहा किलो कैरी, गावठी रायवळ. पाव किलोची बाटली साठ रुपयांना विकतो. चव चांगली आहे, एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत येतं.

गेल्या वर्षी एका खेपेमागे हजार रुपये सुटत होते. यंदा सहाशेसुद्धा हातात येत नाहीत. बाटली तीच, भाव तोच, बनवणारे हातही तेच. मागच्या बैठकीत यावरून असा वाद पेटला की त्या दिवशीची बचत गोळा करायचीच राहून गेली. आमच्या अध्यक्ष आक्कांचं म्हणणं, सरळ शंभर रुपये लावा, आपल्या चवीला तोड नाही. बाकीच्या म्हणतात, कंपनीचं लोणचं यापेक्षा स्वस्त मिळतं, शंभरला कोण घेणार? मला दोघींचंही पटतं आणि म्हणूनच काही सुचत नाही. भाव कसा ठरवायचा आणि माल कुठे विकायचा, कुणी अनुभवी सांगेल का?

तिखटमीठ
आधी कृती टाका, भावाचं नंतर बघू! रायवळ कैरीचं म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं.

बावधनकर
साठ रुपये फारच कमी आहेत हो ताई. मी पुण्यात राहतो. प्रदर्शनात घरगुती लोणच्याला दीडशे सहज मोजतो आणि आनंदाने मोजतो. छोट्या मडक्यात भरा, तोंडाला कापड बांधा, वर गावाचं नाव लिहा. शहरातल्या माणसाला ती चव आता कुठे मिळतेय? अध्यक्ष आक्कांच्या बाजूने माझं मत.

हिशेबनीस
मडक्याचं नंतर. रानजाईताई, एका खेपेला काय काय लागतं आणि कितीला पडतं ते आधी लिहा. कैरी कुठून आणता तेही लिहा. "सुटले" म्हणजे नेमके कशातून काय वजा करून सुटले, हे कळल्याशिवाय भावावर बोलण्यात अर्थ नाही.

सह्यकडा
बाटलीत भरून विकायचं तर अन्न खात्याचं लायसन लागतं, त्याला हजारो रुपये जातात. वर जीएसटी आहेच. एवढं सगळं करून साठ रुपयांत काय राहणार? बचतगटांनी या फंदात पडू नये, गावातल्या गावात विकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळवण
सह्यकडा, लायसन लागतं हे अर्धं बरोबर आहे. एवढ्या छोट्या उत्पादकाला मोठं लायसन लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये आहे. हजारो जातात ते मधल्या माणसाला. अर्ज foscos.fssai.gov.in वर स्वतः भरता येतो. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. दहा किलो कैरीच्या खेपा घालणाऱ्या तिघींचा तिथे काय संबंध?

नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मात्र लेबलावर हवाच. सोबत निव्वळ वजन, घटक, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, किंमत, पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका.

रानजाई
हिशेबनीस, हे यंदाच्या एका खेपेचं वहीतून उतरवून देते.

कैरी दहा किलो, पंचेचाळीसच्या भावाने ४५० रुपये. तेल दोन लिटर ३२०, तिखट अर्धा किलो २००, मोहरीची डाळ सहाशे ग्रॅम १२०, हिंग ६०, मीठ दीड किलो ४०, हळद २५, मेथी १५. म्हणजे सगळा जिन्नस १२३० चा. गॅसचे ५० धरतो. बाटली, झाकण, सील, लेबल मिळून नगाला बारा रुपये. भोरपर्यंत पेट्या न्यायला रिक्षावाला २०० घेतो.

कैरी गेल्या वर्षी गटातल्याच एका काकूंच्या झाडाची होती. रायवळ एक वर्ष धरतं, एक वर्ष दम खातं. यंदा झाडाला काहीच नव्हतं, म्हणून बाजारातून घेतली. कृती या आकड्यांतच आली, तिखटमीठ!

हिशेबनीस
मग तुमचं निम्मं उत्तर तुमच्याच वहीत आहे. गेल्या वर्षी कैरी फुकट धरली. पण ती फुकट नव्हती, काकूंच्या झाडाची होती. त्यांनी ती बाजारात दिली असती तर साडेचारशे त्यांना मिळाले असते. म्हणजे गेल्या वर्षीच्या हजारातले साडेचारशे काकूंच्या कैरीचे होते. गटाचा नफा म्हणून ते वाटून घेतलेत ना? मग लोणच्याला गेल्या वर्षीही साडेपाचशे-सहाशेच सुटत होते. यंदा कैरी विकत घ्यावी लागली म्हणून ते दिसलं, इतकंच.

दुसरं, तुमच्या यादीत मजुरी कुठेही नाही.

सह्यकडा
घरच्या बायकांच्या कामाला कसली मजुरी? दुपारच्या मोकळ्या वेळात होतं ते. मजुरी धरली तर कुठलाच घरगुती धंदा नफ्यात दिसणार नाही.

माळरान
दुपारचा मोकळा वेळ म्हणे! मी शेतकरी घरातली आहे म्हणून सांगते. कैरी धुऊन एकेक कोरडी पुसायची, अडकित्त्याने फोडायची, आतली कोय आणि कोयीचा पापुद्रा काढायचा, मीठ-हळद लावून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मसाला भाजायचा, कुटायचा, फोडणी करून ती पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं. मुरलं की बाटल्या उकळून वाळवायच्या आणि भरायच्या. भरून झाल्यावर तिखटाने हात रात्रभर चुरचुरतात.

आमच्याकडे खुरपणीला बाईला तीनशे रुपये रोज आहे. पाऊस पडला आणि भातलावणी सुरू झाली की बाई तिकडे जाणार. त्या वेळी बाटल्या भरायला कोण बसेल? लोणच्यातून तेवढा रोज पडत नसेल तर हा गट दोन वर्षांत मोडेल. मजुरी धरायची की नाही ही चैनीची चर्चा नाही.

रानजाई
माळरान, अगदी हेच झालं. गेल्या पावसाळ्यात शेवटच्या खेपेला मी आणि आक्का दोघीच होतो. हिशेब केला तर तिघींचे मिळून एका खेपेला तीन रोज जातात, प्रत्येकीचा एकेक पूर्ण दिवस.

लिंबूटिंबू
माझाही प्रश्न इथेच विचारते. मी लिंबाचं बिनतेलाचं लोणचं घालते, दोन महिन्यांत वर पांढरी बुरशी येते. कमी मिठाचं लागतं म्हणून मीठ हात राखून घालते. बरणी चांगली वाळवलेली असते. काय चुकत असेल?

वाळवण
लिंबूटिंबू, मिठावरच चुकतंय. बिनतेलाच्या लोणच्यात टिकवण्याचं काम मीठ आणि आंबटपणा करतात. मीठ कमी केलंत तर ते लोणचं फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवायचं, महिनोन्महिने ठेवायचं नाही. तेलाच्या लोणच्यातही तेल फक्त हवा अडवतं, आतली फोड मिठानेच राखलेली असते. बाटलीचं झाकण फुगलं आणि उघडताना सुस्कारा आला की समजावं, मीठ कमी पडलंय किंवा फोड ओली राहिलीय.

आता रानजाईताईंकडे वळते. मी बरीच वर्षं लोणच्याच्या छोट्या कारखान्यात भरणीवर होते, म्हणून एक गोष्ट खटकतेय. दहा किलो कैरीतून कोय आणि खराब फोडी जाऊन आठ किलो राहते. त्यात मीठ, तेल, मसाला मिळवून आणि भांड्याला चिकटलेलं सोडून बारा किलोच्या आसपास लोणचं व्हायला हवं. म्हणजे पाव किलोच्या अठ्ठेचाळीस बाटल्या. तुमच्या किती भरतात?

रानजाई
वहीत बघून सांगते. त्रेचाळीस. कधी बेचाळीस.

वाळवण
मग पाच बाटल्या कुठे जातात? भरलेली एक बाटली वजन करून बघा. आधी रिकामी बाटली झाकणासकट तोला, मग भरलेली.

तिखटमीठ
पाच बाटल्या मुलांनी खाल्ल्या असणार. आमच्याकडे तरी असंच व्हायचं.

रानजाई
मुलांवर आळ नको, पाच बाटल्या सापडल्या! :)

दूध डेअरीचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि शिल्लक पेटीतल्या बाटल्या तोलल्या. रिकाम्या बाटलीचं वजन सोडून एक २७६ भरली, एक २८५, एक २८२. सरासरी २८० धरा. अडीचशेची म्हणून जी बाटली आपण विकतो, तिच्यात प्रत्येक वेळी तीस ग्रॅम जास्त जातं.

कसं होतं तेही बघितलं. आक्का पळीने फोडी घालतात, पळीच्या पाठीने दाबतात, जागा झाली की आणखी दोन फोडी सरकवतात आणि मग गळ्यापर्यंत तेल. मी म्हटलं, आक्का, इथे थांबा. त्यांनी बाटली उजेडात धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, "एवढी रिकामी बाटली माणसाच्या हातात द्यायची? बघणारा म्हणेल, या बाईचा हात आखडता आहे." आणि खरंच, अडीचशे ग्रॅमला बाटली खांद्यापर्यंतच भरलेली दिसते. वरच्या फोडी तेलाबाहेर राहतात.

आक्कांना माप मोडायला लावायचं माझ्या जिवावर येतंय. पण तीस ग्रॅमचं मोल समोर दिसतंय.

हिशेबनीस
आता चित्र पूर्ण झालं. मांडतो.

जिन्नस १२३०, गॅस ५०, रिक्षा २००, त्रेचाळीस बाटल्यांचे ५१६. रोख खर्च १९९६. साठच्या भावाने त्रेचाळीस बाटल्यांचे आले २५८०. राहिले ५८४. तीन रोजांवर वाटले तर एकीला १९५ रुपये. खुरपणीपेक्षा शंभर कमी.

तेच लोणचं मापात भरून अठ्ठेचाळीस बाटल्या केल्या तर बाटल्यांचा खर्च साठ रुपयांनी वाढतो, पण विक्री २८८० होते. राहिले ८२४, रोज पडला २७५. भाव एक रुपयाही न वाढवता. म्हणून आधी माप, मग भाव.

वाळवण
आणि वरच्या फोडी उघड्या पडतात हे तुम्ही बरोबर पाहिलंत, तिथेच बुरशी धरते. पण त्यावर उपाय बाटली बदलणं हा आहे. दाबून भरलेलं लोणचं पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे अडीचशे ग्रॅमला अडीचशे मिलीपेक्षा लहान बाटली लागते. बाटलीवाल्याकडे वेगवेगळ्या आकाराचे चार नमुने मागा. घरी अडीचशे ग्रॅम तोलून प्रत्येकीत भरून बघा. जी गळ्यापर्यंत येईल आणि वर बोटभर तेल मावेल, ती घ्या. आक्कांनाही भरलेली बाटली दिसेल.

जुन्या बाटल्या संपेपर्यंत दुसरा मार्ग म्हणजे लेबलावर २८० ग्रॅम लिहून त्या हिशेबाने किंमत लावणं. फक्त मग प्रत्येक बाटलीत २८० भरलंच पाहिजे. आणि डेअरीचा काटा रोज मिळणार नाही, गटाचा स्वतःचा, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेला काटा घ्या. सगळ्या खर्चात तो लवकर फिटतो.

अण्णा_किराणा
माझं तालुक्याच्या गावी दुकान आहे, बचतगटांचा माल ठेवतो. दुकानदाराची बाजू सांगतो. मी छापील किमतीवर वीस टक्के ठेवतो. त्याखाली परवडत नाही, कारण विकलं गेलं नाही तर फळीवरची जागा अडते. साठच्या बाटलीवर मला बारा दिले तर ताईंकडे अठ्ठेचाळीस येतील, म्हणजे मजुरी धरली तर विकून तोटा. भाव ठरवताना दुकानदाराचा वाटा आतच धरायला हवा, नंतर आठवून चालत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. मे-जूनमध्ये तालुक्यात लोणच्याची बाटली कुणी विचारत नाही, तेव्हा प्रत्येक घरात स्वतःची बरणी भरलेली असते. मागणी येते श्रावणानंतर आणि खरी वाढते दिवाळीच्या पुढे, घरची बरणी तळाला लागते तेव्हा. म्हणजे पैसा मेमध्ये घालायचा आणि ऑक्टोबरनंतर उचलायचा.

रानजाई
अण्णा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही मेमध्ये भरून मेमध्येच विकायला बघायचो, आणि खप नाही म्हणून भाव पाडायचो. गटाकडून अंतर्गत कर्ज घेतलं तर सहा महिन्यांचं व्याजही बाटलीवर चढवावं लागेल ना?

हिशेबनीस
लागेल. खेपेला दोन हजार अडकले आणि गटाचं व्याज महिना एक टक्का धरलं, तर सहा महिन्यांचे एकशेवीस रुपये, म्हणजे बाटलीला अडीच. लहान रक्कम आहे, पण वहीत लिहा.

आता भाव. अठ्ठेचाळीस बाटल्या, तीनशेच्या रोजाने मजुरी ९०० धरून एकूण खर्च २९५६. बाटली पडते साडेएकसष्टला, व्याजासकट चौसष्टला. छापील किंमत ऐंशी ठेवली तर दुकानातून चौसष्टच येतात, म्हणजे शून्य. नव्वद ठेवली तर बहात्तर येतात, आठ रुपये राहतात. त्यातूनच फुटलेल्या आणि परत आलेल्या बाटल्या भरून काढायच्या. नव्वदच्या खाली दुकानात जाऊ नका.

बावधनकर
मी अजूनही म्हणतो, पुण्यात एकशेवीसला जाईल. डिसेंबरात भीमथडी जत्रा असते, तिथे बचतगटांचे स्टॉल असतात. एकदा या. खर्च चौसष्ट आहे म्हणून भाव नव्वद, ही मांडणी मला पटत नाही. गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे हेही बघायला हवं.

माळरान
बावधनकरांचं म्हणणं चूक नाही, पण जत्रेचाही खर्च असतो. आमचा गट एका प्रदर्शनाला गेला होता. दोघींचं जाणं-येणं, राहणं, जेवण, चाखायला ठेवलेलं लोणचं, शिवाय घरी जनावरांना बघायला ठेवलेल्या माणसाची मजुरी. विक्री दणक्यात झाली, घरी येऊन हिशेब केला तर दुकानातून मिळतं तेवढंच उरलं. फायदा झाला तो फोन नंबरांचा. त्यातल्या काही जणी आजही दिवाळीला मागवतात.

सह्यकडा
माळरान, मजुरीचं तुमचं पटलं. माझी आई आणि काकू हेच करायच्या, त्यांच्या रोजाचा हिशेब घरात कुणी कधी केला नाही. पण गावातल्या माणसाला नव्वद जड आहेत, हे मी सोडणार नाही. शेजारणीला नव्वदला लोणचं विकणार का?

रानजाई
सह्यकडा, काल बैठकीत हाच प्रश्न सगळ्यात जास्त चालला. शेवटी ठरलं ते असं.

छापील बाटली नव्वदची. दुकानात आणि बाहेर तोच भाव. गावात मात्र ज्याने त्याने स्वतःचं भांडं आणायचं आणि सुटं लोणचं तोलून न्यायचं, पाव किलो पासष्टला. बाटलीचे बारा आणि रिक्षाचे चार वाचतात, म्हणून ते परवडतं. एक काकू म्हणाल्या, आधी साठ होतं, आता भांडं आपलं आणि वर पाच रुपये जास्त? तेव्हा आक्कांनीच त्यांना काट्याजवळ बसवून जुनी बाटली आणि नवं माप तोलून दाखवलं. काकूंचं समाधान झालं असं नाही, पण त्या पाव किलो घेऊन गेल्या. घरात वर्षभर शिळ्या भाकरीबरोबर आमचंच लोणचं लागतं म्हणाल्या.

झाडवाल्या काकूंना यापुढे कैरीचे पैसे बाजारभावाने द्यायचे, हेही ठरलं. गेल्या वर्षीचे द्यायचे का, यावर दोन तट आहेत. स्वतः काकू नको म्हणतात.

पुण्याचं मी डोक्यात ठेवते, बावधनकर. यंदा नाही जमणार, नोंदणीचा अर्ज आत्ता भरलाय.

हिशेबनीस
गेल्या वर्षीचे साडेचारशे द्या. नको म्हणाल्या तरी त्यांच्या बचतखात्यात जमा करा.

माळरान
मी उलट म्हणेन. झाड त्यांचं, त्यांनी मनाने दिलं, ते पैशांत मोजून परत करू नका. पुढच्यासाठी नियम केलात तेवढं पुरे.

लिंबूटिंबू
वाळवणताई, मीठ वाढवून परत घातलंय. दोन महिन्यांनी कळवते.

अण्णा_किराणा
ताई, नव्वदच्या भावाने दोन डझन पाठवा, श्रावणानंतर. माझं गाव तुमच्यापासून लांब नाही. एक अट आहे. मागे एका गटाच्या बाटल्यांतून तेल झिरपलं आणि खालची पापडाची पाकिटं सगळी गेली. भरून सील केलेल्या बाटल्या रात्रभर वर्तमानपत्रावर उलट्या ठेवा. सकाळी ज्यांच्याखाली डाग दिसेल त्या बाजूला काढा, सील बदलून परत तसंच बघा. ज्या कोरड्या राहतील तेवढ्याच द्या, दोन डझन नाही भरल्या तरी चालेल.